सव्वीस जणांचे संदेश आणि एकच निरोपाचे कार्ड

सरकारी कार्यालयात ३१ मे हा दिवस निरोपाचा असतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसेल तर मास्तर १ जून लिहीत. अशा कर्मचाऱ्यांची सेवा नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी संपते. त्यामुळे एकाच कार्यालयातले दोघे-तिघे त्या दिवशी सोबतच निवृत्त होतात. आमच्या सांगली जिल्ह्यातील कार्यालयातून ज्येष्ठ लिपिक असलेल्या एक मॅडम निवृत्त झाल्या, तेव्हा सव्वीस जणांचे संदेश एका कार्डात आणण्याचे काम माझ्याकडे आले. त्याआधीही अशी कार्डे मी केली होती आणि त्यांत चुकाही केल्या होत्या. संदेश नुसते एकाखाली एक डकवले तर कार्डाचे नोटीस बोर्ड होते, आणि सगळ्यांचा मिळून एकच मजकूर केला तर त्यात कुणीच उरत नाही. म्हणून मी आता एकच रीत पाळतो. जे अनेकांनी सारखेच लिहिले आहे ते एका सामाईक परिच्छेदात घ्यायचे, आणि जे एकाच माणसाला लिहिता आले असते ते त्याच्या नावाखाली, त्याच्या शब्दांत ठेवायचे. पुढचे सगळे टप्पे या वाटणीसाठीच आहेत.

संदेश मागताना

कामाचे दिवस कार्यक्रमाच्या तारखेपासून मागे मोजावेत. ३१ तारखेला सुट्टी येत असेल तर कार्यक्रम आधीच्या कामाच्या दिवशी होतो, त्यामुळे मोजणी तिथून सुरू करावी. आम्ही १६ मेला संदेश मागितले आणि २२ मे ही शेवटची तारीख ठेवली. दोन दिवस मजकूर जुळवण्यात गेले, दोन दिवस प्रत्येकाची मान्यता घेण्यात गेले, २७ तारखेला छपाईचा नमुना तपासला आणि २९ तारखेला कार्ड हातात आले. सह्यांसाठी किमान एक पूर्ण दिवस हाताशी असलाच पाहिजे, कारण कुणी दौऱ्यावर असते, तर कुणी न्यायालयात तारखेला गेलेले असते.

संदेश व्हॉट्सॲपच्या गटावर मागू नयेत. पहिल्याने ‘पुढील आयुष्यासाठी हार्दिक शुभेच्छा’ लिहिले की खालचे दहा जण तेच लिहितात, आणि जो काही वेगळे लिहिणार होता तोही संकोचतो. प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवावा आणि त्यात नेमका प्रश्न विचारावा. ‘मॅडमसाठी दोन ओळी लिहा’ असे म्हटले की शुभेच्छाच येतात. मी असे लिहिले होते: ‘मॅडमकडून शिकलेली एक गोष्ट किंवा त्यांच्यासोबतचा एक प्रसंग तीस शब्दांच्या आत लिहा. शुभेच्छा आपण सर्वांच्या वतीने एकत्र छापणार आहोत.’ यातले दुसरे वाक्य फार उपयोगी पडते, कारण शुभेच्छा राहून जातील ही प्रत्येकाच्या मनातली धास्ती ते काढून टाकते. त्याच दिवशी आणखी कुणी निवृत्त होत असेल तर संदेशाच्या सुरुवातीला ज्यांच्यासाठी तो आहे त्यांचे नाव लिहायला सांगावे, नाहीतर एकाचा मजकूर दुसऱ्याच्या कार्डात जातो.

ज्यांना टंकलेखनाचा सराव नाही, त्यांच्याजवळ स्वतः जाऊन बसावे. शिपाई, वाहनचालक आणि सफाई करणाऱ्या मावशी या तिघांचे संदेश मी तोंडी ऐकून लिहून घेतले आणि लगेच त्यांना वाचून दाखवले. लिहिताना त्यांचे बोलणे सुधारले नाही.

नावांची यादी करताना माझ्याकडून पूर्वी एक चूक झाली होती. तेव्हा मी सगळी नावे हजेरीपत्रकावरून घेतली. रात्रपाळीचे पहारेकरी कंत्राटी असल्यामुळे त्यांचे नाव त्या पत्रकात नव्हते, आणि ज्या साहेबांना ते आठ वर्षे रोज फाटक उघडून देत होते त्यांच्या कार्डात त्यांचा शब्दही आला नाही. कार्यक्रमात ते मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून हजेरीपत्रकानंतर मी कार्यालयात एक फेरी मारतो, फाटकापासून रेकॉर्ड रूमपर्यंत, आणि दिसेल त्या प्रत्येकाचे नाव यादीशी ताडून पाहतो.

एका तक्त्यात जमा करणे

सगळे संदेश एका तक्त्यात उतरवावेत. रकाने सहा पुरतात: क्रमांक, नाव, हुद्दा, मूळ संदेश, कार्डावरचा मजकूर आणि मान्यता. मूळ संदेशाच्या रकान्याला नंतर हात लावायचा नाही, कारण काटछाट करताना अर्थ बदलला की काय हे तपासायला तोच एक आधार असतो. रोमन लिपीत आलेली मराठी देवनागरीत उतरवताना लिहिणाऱ्याचे लिंग ध्यानात घ्यावे. ‘शिकलो’ आणि ‘शिकले’ यांत गल्लत झाली तर कार्ड वाचताना सगळ्यांना ती दिसते, आणि ज्याच्या नावाखाली ती छापली आहे त्याला वाईट वाटते.

सामाईक काय आणि स्वतःचे काय

आता दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन तक्त्याची छापील प्रत समोर ठेवावी. पडद्यावर हे काम नीट होत नाही, कारण सगळे संदेश एका नजरेत येत नाहीत. दुसऱ्या कुणाच्याही नावाखाली चालेल असा मजकूर निळ्याने अधोरेखित करावा आणि केवळ त्याच माणसाचा असेल तो लाल रंगाने.

आमच्या सव्वीस संदेशांत नऊ पूर्ण निळे निघाले, म्हणजे नुसत्या शुभेच्छा. सहा जणांनी मॅडमकडून काम शिकल्याचे लिहिले होते, पाच जणांनी ऑगस्ट २०१९ च्या महापुराची आठवण काढली होती, आणि उरलेल्या सहांचे प्रसंग एकमेकांपासून अगदी वेगळे होते. नऊ जणांना मी पुन्हा फोन केला आणि ‘मॅडमचे नाव घेतले की पहिल्यांदा काय डोळ्यांसमोर येते?’ एवढेच विचारले. बोलताना माणूस मोकळा होतो, त्यामुळे सहा जणांकडून फोनवरच चांगल्या ओळी मिळाल्या. तिघांना काही सुचले नाही. त्यांच्या शुभेच्छा सामाईक परिच्छेदात आल्याच होत्या, म्हणून त्यांची नावे त्या परिच्छेदाखाली सह्यांसाठी घेतली. संदेश निराळा छापला नाही तरी नाव गाळायचे नाही.

सामाईक परिच्छेद नेहमी ‘आम्ही’ या कर्त्याने लिहावा. स्त्री आणि पुरुष दोघांचे मजकूर ‘मी’मध्ये एकत्र करता येत नाहीत, ‘आम्ही’मध्ये ती अडचण राहत नाही. निळ्या रंगात जे वारंवार आले तेच घ्यावे, पण सर्वसाधारण गुणवर्णन टाळून संदेशांतल्या वस्तू आणि कृती घ्याव्यात. ‘मनमिळाऊ, कार्यतत्पर, हसतमुख’ हे शब्द अकरा संदेशांत होते, आणि कोणत्याही कार्डात ते चालले असते. शिकवण्याबद्दलच्या सहा संदेशांत मात्र टिपणी, संचिका आणि अभ्यागत हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते, आणि मॅडमचा डबा तीन वाजेपर्यंत तसाच राहतो हे चौघांनी लिहिले होते. त्यावरून तयार झालेला परिच्छेद असा:

‘मॅडम, नियत वयोमानानुसार आपण ३१ मे रोजी सेवानिवृत्त होत आहात. टिपणी कशी लिहावी, जुनी संचिका कुठे शोधावी आणि चिडून आलेल्या अभ्यागताला आधी पाणी द्यावे, हे आम्ही आपल्याकडून शिकलो. आपणास उत्तम आरोग्य लाभो आणि आता तरी दुपारचा डबा गरम असताना खाण्याइतकी सवड मिळो, ही आम्हा सव्वीस जणांची मनापासूनची इच्छा.’

या परिच्छेदात एक धोका असतो, आणि तो मराठीत फार लवकर ओढवतो. निरोपाची आणि श्रद्धांजलीची भाषा आपल्याकडे शेजारी-शेजारी राहते. ‘कधीही भरून न येणारी पोकळी’, ‘त्यांच्या आठवणी सदैव आमच्यासोबत राहतील’, ‘त्या अत्यंत प्रेमळ होत्या’ ही वाक्ये निवृत्त होणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी वाचली तर त्यांच्या काळजात धस्स होते. म्हणून तृतीय पुरुष आणि भूतकाळ एकत्र आला की थांबावे. ‘त्या समजावून सांगत होत्या’ याचे ‘तुम्ही समजावून सांगितलेले आजही उपयोगी पडते’ असे करावे. ‘मॅडमना सांगा की…’ अशा धर्तीवर माझ्याकडे आलेले संदेशही थेट मॅडमशी बोलणारे करून घेतले.

एकाच प्रसंगाचे पाच संदेश

सर्वांत जास्त विचार करावा लागतो तो एकच आठवण अनेकांनी सांगितली असेल तेव्हा. महापुराचे आमचे पाच संदेश असे होते.

आवक-जावक लिपिक: ‘२०१९ च्या पुरात तुम्ही रात्री अकरापर्यंत थांबून दप्तर वर चढवलंत, ते कधीच विसरणार नाही. खूप खूप शुभेच्छा.’

लेखा शाखेतील एक जण: ‘पुराच्या रात्री आपण दोनशे बस्ते वाचवले, मॅडम.’

रेकॉर्ड रूम सांभाळणारे: ‘चारशेच्या वर बस्ते त्या दिवशी वर गेले. तुम्ही नसता तर रेकॉर्ड गेलंच होतं.’

शिपाई मामा: ‘मॅडम स्वतः बस्ते उचलत होत्या. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणाल्या, मामा, पाणी काय हुद्दा बघून येतंय व्हय?’

त्या वेळी नव्याने रुजू झालेली लिपिक: ‘मला लागून दोनच महिने झाले होते. पाणी वाढायला लागल्यावर तुम्ही मला आधी घरी पाठवलंत आणि पोचल्याचा फोन करायला लावलात.’

पाचही एकाखाली एक छापले तर तिसऱ्यापर्यंत वाचणाऱ्याला कंटाळा येतो, आणि दोनशे की चारशे हा प्रश्न उभा राहतो. पाचांचा मिळून एक केला तर शिपाई मामांचे वाक्य वाहून जाते. लाल पेन्सिलीने उत्तर दिले. पहिल्या तिघांत लाल फारसे नव्हते, तिघेही एकच घटना सांगत होते. शेवटच्या दोघांकडे मात्र दुसऱ्या कुणालाही ठाऊक नसलेली गोष्ट होती. म्हणून पहिल्या तिघांचा एक संदेश केला आणि त्याखाली तिघांची नावे घातली:

‘ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी आवारात शिरलं त्या रात्री तुम्ही अकरापर्यंत थांबलात आणि आमच्यासोबत एकेक बस्ता वरच्या मजल्यावर चढवलात. आपलं रेकॉर्ड कोरडं राहिलं ते त्यामुळे.’

बस्त्यांचा आकडा काढून टाकला. आठवणीतल्या आकड्यांवरून निरोपाच्या दिवशी वाद नको, आणि ‘एकेक बस्ता’ म्हटल्याने श्रम जास्त दिसतात. त्याच्या लगेच खाली शिपाई मामांचा आणि नंतर नव्या लिपिकेचा संदेश घेतला. वरचा संदेश प्रसंग सांगतो, त्यामुळे मामांना पुन्हा ‘पुराच्या वेळी’ असे सांगावे लागत नाही आणि त्यांचे वाक्य सरळ उभे राहते. ‘येतंय व्हय’चे ‘येते का’ करावे असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. मी ते केले नाही. सामाईक परिच्छेद लेखी मराठीत असावा, पण व्यक्तिगत संदेश ज्या बोलीत आला त्याच बोलीत राहावा, आणि ‘तुम्ही’, ‘आपण’ किंवा जुन्या मैत्रिणीने लिहिलेले ‘तू’ हेही जसेच्या तसे ठेवावे.

काटछाट आणि मान्यता

तीस शब्दांची मर्यादा घातली तरी काही संदेश शंभर शब्दांचे येतातच. आधी शुभेच्छा काढाव्यात, मग विशेषणे, मग प्रस्तावना. प्रसंग शेवटपर्यंत राखावा. स्वतःचा शब्द मात्र आत घालू नये. जोडण्यासाठी ‘आणि’, ‘तेव्हा’ एवढे चालते, त्यापलीकडे नाही.

जितके काढाल ते प्रत्येकाला दाखवावे. मी प्रत्येकाला त्याचा कार्डावरचा मजकूर पाठवून ‘हे असे छापतो आहे, चालेल का?’ असे विचारले आणि उत्तर आल्यावरच मान्यतेच्या रकान्यात खूण केली. एका तरुण सहकाऱ्याने लिहिले होते, ‘मॅडम, तुम्ही कडक होतात, माझी पहिली टिपणी चार वेळा परत पाठवलीत, पाचव्या वेळी सही केलीत आणि चहा पाजलात.’ मला ‘कडक’ हा शब्द निरोपाच्या कार्डात बरा वाटला नाही, म्हणून मी ‘कडक होतात’ काढले. त्याने लगेच फोन केला. ‘सर, तो कडकपणाच तर मला सांगायचा होता.’ त्याचे म्हणणे योग्य होते आणि शब्द परत आला.

काही संदेश मात्र बोलून बदलून घ्यावे लागतात. रखडलेल्या पदोन्नतीचा, आजारपणाचा किंवा घरातल्या दुःखाचा उल्लेख मायेने केलेला असतो, पण कार्ड पुढे घरातल्या काचेच्या कपाटात उभे राहते आणि आलागेला ते वाचतो. अशा वेळी लिहिणाऱ्याला एवढेच सांगावे की ही गोष्ट मॅडमना प्रत्यक्ष भेटून सांगा, कार्डासाठी दुसरे काही द्या. कुणी ओळखीच्या कवितेच्या ओळी पाठवल्या असतील तर त्यांखाली कवीचे नाव बहुधा चुकीचे असते, त्यामुळे त्या मी घेत नाही.

पानांचा हिशेब आणि क्रम

ए-३ आकाराचा कागद, म्हणजे ४२ बाय २९.७ सेंटिमीटर, मधोमध दुमडला की ए-४ ची चार पाने होतात. मुखपृष्ठावर नाव आणि तारीख, आतल्या दोन पानांवर मजकूर, मागचे पान मोकळे. देवनागरी १४ पॉइंटमध्ये, दोन स्तंभांत, नावे आणि सह्यांची जागा धरून एका पानावर साधारण २२० ते २५० शब्द सुखाने मावतात. आमचे संदेश जुळवल्यावर एकवीस झाले. सरासरी अठरा शब्द धरले तर ३७८, आणि सामाईक परिच्छेदाचे सुमारे पन्नास, म्हणजे एकूण ४३० च्या घरात. दोन पानांना ते पुरले. मजकूर जास्त भरत असेल तर अक्षर १२ पॉइंटच्या खाली नेऊ नये. साठीला टेकलेल्या डोळ्यांसाठी हे कार्ड आहे, तेव्हा आतमध्ये एक ए-३ पान आणखी घालून ते टाचावे.

क्रम हुद्द्याने लावला की कार्डाचे ज्येष्ठता यादीत रूपांतर होते आणि शिपाई, मावशी तळाला जातात. अकारविल्हे क्रमावर कुणाचा आक्षेप येत नाही, पण त्यात महापुराचे तीन संदेश एकमेकांपासून तुटले असते. मी प्रसंगांचा क्रम घेतला: मॅडमना सर्वांत जुन्या काळापासून ओळखणारे आधी, काल-परवा रुजू झालेले शेवटी. साहेबांचा संदेश त्यांच्या रुजू होण्याच्या वर्षानुसार नवव्या जागी आला. त्यांना आधी सांगितले होते, आणि त्यांना ते आवडले.

छपाई

मजकूर युनिकोडमध्ये असावा. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट मोफत मिळतात आणि छोट्या अक्षरातही नीट वाचता येतात. दुकानदाराला मजकूर कधीच नुसता देऊ नये, कारण त्याच्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो दुसऱ्या फॉन्टच्या प्रणालीत बदलला जातो आणि जोडाक्षरे मोडतात. फॉन्ट आत समाविष्ट केलेली पीडीएफ द्यावी आणि छापलेला नमुना मागून घ्यावा.

नमुन्यात सर्वांत आधी ‘सहकाऱ्यांना’, ‘अधिकाऱ्यांनी’, ‘साऱ्या’ असे शब्द शोधावेत. निरोपाच्या कार्डात ते हमखास असतात. त्यांतला आडवा र रफार होऊन ‘सहकार्यांना’ असा छापला गेला तर सहकारी नाहीसे होऊन सहकार्य उरते, आणि शुद्धलेखन तपासणीलाही ते नेहमी कळत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर साधा र `J` या कळीवर आहे, आणि आडव्या र साठी `Shift` दाबून तीच कळ वापरावी लागते. त्यानंतर हलन्त आणि य दिला की ऱ्य बनतो. यानंतर इमोजी पाहावेत. ते बहुतेक ठिकाणी रिकामे चौकोन होऊन छापले जातात, म्हणून तक्त्यातच काढून टाकावेत.

कागद जाड पण बिनचकाकीचा घ्यावा. चकचकीत कागदावर शाई लवकर वाळत नाही आणि पुढची सही करणाऱ्याच्या मनगटाला ती लागते. आम्ही २५० जीएसएमचा कागद घेतला. एवढा जाड कागद दुमडण्याआधी दुकानात घडीची रेघ पाडून घ्यावी, नाहीतर घडीवर छपाईचा रंग तडकतो.

छापील मजकुरामुळे कार्ड परके वाटू नये म्हणून प्रत्येक संदेशाखाली सहीसाठी बोटभर जागा सोडली होती. दोन दिवस मीच कार्ड घेऊन टेबलाटेबलावर फिरलो, कारण कार्ड एकदा फायलींच्या ढिगात गेले की तिथेच अडकते. मावशींनी सही न करता अंगठा उठवला. काटछाट न केलेले मूळ संदेश मी स्वच्छ छापून एका लिफाफ्यात घातले आणि तो मागच्या मोकळ्या पानावर चिकटवला. ज्यांचे शंभर शब्द वीसवर आले होते, त्यांचे पूर्ण म्हणणे त्यामुळे मॅडमपर्यंत पोहोचले.

शेवटच्या स्तंभाच्या तळाशी दोन संदेशांएवढी जागा मुद्दाम कोरी ठेवावी. कार्यक्रमाच्या दिवशी एका जागेवर मॅडमच्या आधी निवृत्त झालेल्या एका सरांनी उभ्या-उभ्या दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्या जागेवर समोरच्या टपरीवरून रोज चहा घेऊन येणाऱ्या काकांनी पेन मागून घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘बिनसाखरेचा एक, रोज तीन वाजता.’